मदत हवी आहे: भाषांतर पूर्ण झाल्यावर करारनाम्याचा सुधारित मसुदा आला, फक्त बदललेली कलमे तपासली तर पुरेल का?

वैजयंती_ठाणे

नमस्कार. मी इंग्रजीतून मराठीत कायदेविषयक भाषांतर करते. एका गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकास करारनाम्याचे, म्हणजे सुमारे १८,००० शब्दांच्या मसुद्याचे, भाषांतर मी पूर्ण केले होते आणि दुसरे वाचन कलम १४ पर्यंत आले होते, तेवढ्यात संस्थेकडून सुधारित इंग्रजी मसुदा आला. सोबतच्या पत्रात 'किरकोळ बदल आहेत, पिवळ्या रंगाने दाखवले आहेत' एवढेच लिहिले आहे. विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी मराठी प्रत सभासदांना वाटायची असल्यामुळे माझ्या हाती ५ दिवस आहेत.

पिवळ्या खुणा ९ ठिकाणी आहेत. मात्र जी फाइल समोर ठेवून मी भाषांतर केले, ती आणि नवी फाइल वर्डमधील Review > Compare ने ताडून पाहिली तेव्हा ६४ फरक निघाले. त्यांपैकी ४१ ठिकाणी केवळ 'फ्लॅट'च्या जागी 'युनिट' आले आहे, कारण तळमजल्यावरची दुकानेही आता करारात घेतली आहेत. उरलेले २३ बदल आशयाचे आहेत. त्यांत ९.४ हे एक उपकलम संपूर्ण नवे आहे आणि 'बांधकाम पूर्णत्वाचा कालावधी' या संज्ञेची व्याख्या बदलली आहे.

या २३ ठिकाणी मराठी मजकूर सुधारून आणि 'सदनिका'च्या जागी 'गाळा' घालून काम संपले असे मानता येईल का, आणि ज्या कलमांवर एकही खूण नाही त्यांच्याकडे पुन्हा वळण्याची गरज आहे का, एवढे अनुभवी मंडळींनी सांगावे.

परिच्छेद

तुम्ही ट्रान्सलेशन मेमरी वापरत असाल तर हा प्रश्नच उरत नाही. नवी फाइल त्याच प्रकल्पात घाला. जी वाक्ये शंभर टक्के जुळतील त्यांचे जुने भाषांतर आपोआप बसेल, जी अंशतः जुळतील ती वेगळी दिसतील, आणि तेवढीच हाताने दुरुस्त करायची. जुळलेली वाक्ये मी तरी उघडूनही पाहत नाही, कारण मूळ वाक्य तेच असेल तर भाषांतरही तेच असणार. 'सदनिका' आणि 'गाळा' यांसाठी शोधा-आणि-बदला ही सोय आहेच. तुमचे काम एका दिवसाचे आहे.

गिरगावकर

आमच्याही संस्थेचा पुनर्विकास चालू आहे, म्हणून लिहितो. विकासकाने मसुदा मध्येच बदलला असेल तर समितीने तो आधी सभेपुढे ठेवायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय जरूर वाचा. आमच्या वेळी सभासदांना वाटलेल्या मराठी प्रतीत चटई क्षेत्राचा तक्ता जुना राहिला होता आणि सही इंग्रजी प्रतीवर झाली. त्यावरून पुढे दोन सभा वादात गेल्या. तुम्ही समितीला लेखी पत्र द्यावे असे मला वाटते.

वैजयंती_ठाणे

गिरगावकर, मी त्या संस्थेची सभासद नाही, केवळ भाषांतरकार आहे, त्यामुळे सभेविषयी मला काही म्हणता येणार नाही. तक्त्याची सूचना मात्र मोलाची आहे. परिशिष्टांतील आकडे मी वेगळे ताडून पाहीन.

परिच्छेद, मेमरी आहे, पण एक अडचण आहे. पहिली आठ कलमे मी समितीला आधीच पाठवली होती. सचिवांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मी थेट वर्डच्या मराठी प्रतीत केल्या, मेमरीत नाही. नवी फाइल मेमरीतून काढली तर त्या दुरुस्त्या पुसल्या जातील ना?

माधवकाका

पुसल्या जातील. म्हणून आधी त्या आठ कलमांची आजची मराठी वाक्ये मेमरीत जुन्यांच्या जागी घालून घ्या आणि मगच नवी फाइल त्यात घाला. हा क्रम उलटा झाला तर सचिवांनी एकदा काढायला लावलेला शब्द त्यांच्या हाती पुन्हा जातो, आणि त्यानंतर ते तुमच्या कोणत्याच पानावर विश्वास ठेवत नाहीत.

तुलना तुम्ही स्वतः केलीत आणि ज्या फाइलवरून भाषांतर केले तिच्याशीच केलीत, हे अगदी योग्य झाले. पिवळा रंग हा पाठवणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून असतो.

आता परिच्छेद यांचे म्हणणे. मूळ वाक्य तेच असेल तर भाषांतर तेच राहते, हे साध्या मजकुराला लागू पडते. करारनाम्यात मोठ्या अक्षराने लिहिलेली प्रत्येक संज्ञा आपल्या पोटात व्याख्या घेऊन येते. व्याख्या बदलली की ती संज्ञा जिथे जिथे आहे ते प्रत्येक कलम बदलते, मग त्यातला एकही शब्द बदललेला नसो. इंग्रजी करारात हे आपोआप घडते. मराठीतही घडते, पण एका अटीवर: भाषांतरकाराने सगळीकडे संज्ञाच ठेवलेली असली पाहिजे. आपण मात्र सभासदांना समजावे म्हणून कित्येकदा संज्ञेची फोड करून लिहितो. वैजयंतीताई, तुमच्या भाषांतरात पर्यायी निवासाच्या भाड्याचे कलम कसे आहे, ते तेवढे इथे द्याल का?

वैजयंती_ठाणे

ते ११.३ आहे. इंग्रजीत त्याचा आशय 'कम्प्लीशन पीरियडमध्ये विकासक दरमहा भाडे देईल' असा आहे आणि तो दोन्ही मसुद्यांत शब्दशः एकच आहे. माझे मराठी वाक्य असे: 'प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिनांकापासून ३६ महिन्यांच्या कालावधीत विकासक प्रत्येक सभासदास दरमहा भाडे देईल.'

नव्या मसुद्यात हा कालावधी शेवटच्या सभासदाने जागा रिकामी करून दिल्याच्या दिनांकापासून मोजायचा आहे. म्हणजे माझे ११.३ आता चुकीचे आहे, आणि मेमरीने ते शंभर टक्के जुळणारे म्हणून जसेच्या तसे बसवले असते. हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

माधवकाका

नेमके हेच. सभासदाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे कलम आहे, कारण भाडे कोणत्या दिवशी सुरू होणार हे तो त्यातच वाचणार.

अशा जागा शोधण्याची माझी रीत सांगतो. जुन्या इंग्रजी मसुद्यात 'कमेन्समेंट सर्टिफिकेट' किती वेळा येते ते मोजा आणि तुमच्या मराठी प्रतीत 'प्रारंभ प्रमाणपत्र' किती वेळा येते ते मोजा. मराठीतली संख्या जितकी जास्त, तितक्या ठिकाणी तुम्ही फोड केली आहे असे समजा. शोधताना पूर्ण शब्द देऊ नका, 'प्रमाणपत्रा'ही सापडले पाहिजे. तरीही 'सदर प्रमाणपत्र' किंवा नुसते 'त्या दिनांकापासून' असे लिहिलेले या मोजणीत सुटते, म्हणून '३६' आणि 'छत्तीस' यांचाही शोध घ्या. त्यानंतर बदललेली संज्ञा नव्या इंग्रजी मसुद्यात जिथे जिथे येते, तेवढी कलमे मराठीशी जोडीने वाचा. सगळा करार पुन्हा वाचायचा नाही, पण निव्वळ खुणा केलेली कलमे वाचूनही भागत नाही.

'सदनिका' आणि 'गाळा' यांबाबत शोधा-आणि-बदला वापरू नका. 'सदनिका' स्त्रीलिंगी आहे आणि 'गाळा' पुल्लिंगी. 'नवीन सदनिका सभासदाच्या ताब्यात दिली जाईल' यात फक्त शब्द बदललात तर 'गाळा दिली जाईल' असे होते. शिवाय 'सदनिकेचा', 'सदनिकांमध्ये', 'सदनिकाधारक' ही रूपे वेगळीच राहतात, आणि 'तिचे', 'तिच्यातील' ही सर्वनामे तर शोधात येतच नाहीत. ४१ वाक्ये हाताने करा. मन लावून बसलात तर दोन तासांचे काम आहे.

परिच्छेद

लिंगाचा मुद्दा मान्य. माझे काम बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे असल्यामुळे व्याख्येचा असा परिणाम मला कधी भेटला नव्हता. शंभर टक्के जुळलेली वाक्ये निदान कलमवार वाचून जावीत, एवढी दुरुस्ती मी माझ्या सल्ल्यात करतो.

नोटरीशेजारी

मी एका वकिलांच्या कार्यालयात मसुदे तयार करते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. तुलना करताना Compare च्या पर्यायांत White space आणि Formatting बंद केले तरी चालते, पण Case changes बंद करू नका. 'प्रिमायसेस'चे पहिले अक्षर मोठे असेल तर ती व्याख्या केलेली विशिष्ट जागा असते, लहान असेल तर कोणतीही जागा. मराठीत मोठे अक्षर नसल्यामुळे तुम्हाला तिथे 'सदर जागा' किंवा 'उक्त जागा' असे काही लिहावेच लागते.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. ९.४ नवे आल्यामुळे जुने ९.४ आता ९.५ झाले असेल. स्वयंचलित क्रमांक हा मजकूर नसल्यामुळे तुलनेत तो सरकलेला दिसतोच असे नाही. आणि 'कलम ९.५ च्या अधीन राहून' असे कोणी हाताने टंकले असेल, तर तो उल्लेख जुनाच राहतो आणि आता भलत्याच उपकलमाकडे बोट दाखवतो. आमच्या कार्यालयातूनही अशा चुका गेल्या आहेत.

वैजयंती_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे झाले ते इथे नोंदवते, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

जुन्या इंग्रजी मसुद्यात 'कमेन्समेंट सर्टिफिकेट' ८ वेळा होते आणि माझ्या मराठी प्रतीत 'प्रारंभ प्रमाणपत्र' ११ वेळा. जास्तीच्या तीन जागा म्हणजे कलम ११.३, कलम १२.१ आणि परिशिष्ट ४ मधील भाड्याच्या तक्त्याचे शीर्षक. '३६' शोधल्यावर आणखी एक जागा सापडली, ती बँक हमीच्या कलमातील. या चारही ठिकाणी इंग्रजीत एकही खूण नव्हती. आता चारही ठिकाणी मी फोड काढून संज्ञाच ठेवली आहे, म्हणजे मसुदा पुन्हा बदलला तरी दुरुस्ती व्याख्येतच करावी लागेल. सभासदांना ते वाचायला थोडे जड जाईल याची मला जाणीव आहे, आणि तो निर्णय मला सोपा वाटला नाही.

नोटरीशेजारी, तुमची शंका खरी ठरली. कलम १७.२ मध्ये 'कलम ९.५' असा उल्लेख तसाच राहिला आहे. पूर्वी तो विलंबाच्या दंडाकडे जात होता, आता सामान हलवण्याच्या खर्चाकडे जातो. मी तो मराठीत परस्पर दुरुस्त करावा का?

नोटरीशेजारी

नाही. मूळ मसुद्यातील चूक भाषांतरात गुपचूप सुधारली की दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत आणि दोष मराठी प्रतीवर येतो. लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत मुळातला क्रमांकच ठेवा.

वैजयंती_ठाणे

तसेच करते. शेवटचा प्रश्न मानधनाचा आहे. बदललेल्या शब्दांचे पैसे मागणे सोपे आहे, पण जी कलमे बदलली नाहीत आणि तरीही वाचावी लागली, त्यांचे काय?

माधवकाका

मी त्या वाचनाचे तासाप्रमाणे घेतो आणि कामाच्या सुरुवातीच्या पत्रातच तसे लिहून ठेवतो. तुमच्या पत्रात ते नसेल तर या वेळी मागणे अवघड आहे.

परिच्छेद

मला हे पटत नाही. मसुदा त्यांनी बदलला, त्यामुळे पत्रात लिहिलेले नसले तरी मागावे. तपासलेल्या कलमांची यादी जोडली की कोणी नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

वैजयंती_ठाणे

यादी मी तयार केली आहे: बदललेली कलमे, व्याख्येमुळे तपासलेली कलमे आणि केवळ क्रमांकासाठी पाहिलेली कलमे. भाषांतराच्या प्रमाणपत्रात सुधारित मसुद्याचा दिनांक आणि फाइलचे नावही घालते आहे. मानधनाचे पत्र उद्या यादीसह पाठवीन. १७.२ विषयी संस्थेच्या वकिलांचे उत्तर अद्याप आलेले नाही, म्हणून त्या पानावर खूण करून ठेवली आहे आणि ते येईपर्यंत छपाईला देऊ नये असे सचिवांना कळवले आहे.