खरी खरेदी बँकेने अडवली, आता कार्डच चालेना. काय करावं?

चाफा
नमस्कार मंडळी. घाईत आहे, तरी जमेल तेवढं सविस्तर लिहिते. आईसाठी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घ्यायची आहे. तिच्या मापाची एकच शिल्लक होती, तीही परदेशातल्या विक्रेत्याकडे. काल रात्री पावणेबाराला पैसे भरायला बसले तर व्यवहार नाकारला गेला. खात्यात पैसे आहेत, कार्डाची मर्यादाही पुरेशी आहे. नेट अडकलं असेल असं वाटून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा निम्मीच रक्कम आगाऊ म्हणून भरून पाहिली. तिन्ही वेळा पडद्यावर `Do not honor`. आज सकाळी औषधांच्या दुकानातही कार्ड चाललं नाही. विक्रेता उद्या संध्याकाळपर्यंतच खुर्ची राखून ठेवणार आहे. बँकेला नेमकं काय खटकलं, आणि हे सोडवायचं कसं?

भटक्या
प्रवासात मला हे बऱ्याचदा झालंय. ॲपमध्ये जाऊन मर्यादा वाढवून घ्या. आणि पुढच्या वेळी आधी अगदी छोटी रक्कम भरून बघा, ती गेली की लगेच मोठी भरा. मी तसंच करतो.

पारवा
चाफाताई, तुमचेही पैसे कापले गेले का? माझ्या खात्यातून वजा झालेत आणि दुकानदार म्हणतो, ऑर्डरच रद्द झाली. चार दिवस झाले. पोलिसांत जावं का?

तराजू
मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात संशयित व्यवहार तपासायचं काम केलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

चाफाताई, मर्यादा आणि संशय या दोन वेगळ्या चौकटी आहेत. मर्यादा संपली असती तर कारण वेगळं आलं असतं. `Do not honor` म्हणजे कोड `05`. "आम्ही हा व्यवहार मान्य करत नाही" एवढंच तो सांगतो. संशयासाठी `59` असा वेगळा कोड आहे, पण कित्येक बँका तिथेही `05`च पाठवतात. समोर चोर असलाच तर नेमकं कशामुळे पकडला गेला हे त्याला कळू नये, म्हणून.

तुम्ही बटण दाबल्यावर सेकंदाच्या आत त्या व्यवहाराला संशयाचे गुण दिले जातात. आमच्याकडे ते 1 ते 999 असे होते. मोठी रक्कम या एकाच गोष्टीवर सहसा अडत नाही. अनोळखी गोष्टी एकावर एक साचल्या की अडतं. तुमच्या बाबतीत पहिल्यांदाच परदेशी विक्रेता, तुमच्या नेहमीच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम आणि अपरात्रीची वेळ, एवढं तर दिसतंच आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोन किंवा नंबर नुकताच बदललात का? आणि खुर्ची तुमच्याच पत्त्यावर येणार होती का?

पहिल्या नकारावर तुम्ही थांबला असतात तर बहुधा तो एकच व्यवहार अडला असता. चोरलेलं कार्ड वापरणारा माणूस नकार आल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न करतो, मग रक्कम कमी करून कितीपर्यंत जातंय ते चाचपतो. तुमचे तीन प्रयत्न यंत्रणेला हुबेहूब तसे दिसले, आणि तिने अख्खं कार्डच थांबवलं.

भटक्या, तुमचा मर्यादेचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मर्यादा खरंच कमी असेल तर ती आधी वाढवावीच लागते. पण छोटी रक्कम भरून लगेच मोठी भरणं कृपा करून सुचवू नका. चोरीची कार्डं जिवंत आहेत का हे नेमकं असंच तपासतात. तुमचं निभावलं, कारण प्रवासातला खर्च तुमच्या खात्याच्या सवयीतलाच आहे.

पारवा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. बँकेने व्यवहार मंजूर करून रक्कम राखून ठेवली आणि पुढे दुकानदाराने ऑर्डर रद्द केली, असं दिसतंय. खात्यात ती नोंद "प्रलंबित" आहे का बघा. तसं असेल तर पैसे दुकानदाराकडे गेलेलेच नाहीत. त्याच्याकडून रद्द केल्याचा लेखी निरोप घ्या आणि तो बँकेला दाखवा.

चाफा
नेमकं या दोन्ही बाबतींतच चुकलं! फोन तीन दिवसांपूर्वीच बदलला. पत्ता बहिणीचा दिला होता, कारण आई सध्या तिच्याकडे आहे.

तराजू
मग चित्र पूर्ण झालं. नवा फोन आणि कार्डधारकाचा नसलेला पत्ता एकत्र आले की गुण फार वर जातात.

आता कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. मध्येच "फसवणूक विभागातून बोलतोय" म्हणून कुणाचा फोन आला तर तो ठेवून द्या. खरा कर्मचारी ओटीपी किंवा पिन विचारत नाही, आणि अशा वेळी माणूस घाईत असतो हे भामट्यांना ठाऊक असतं. फोनवर "कार्ड का बंद आहे" असं विचारू नका. "संशयामुळे अडलेला व्यवहार माझाच आहे, तो मला मान्य करायचा आहे" असं म्हणा आणि त्याच विभागाकडे जोडून मागा. तारीख, वेळ, रक्कम आणि विक्रेत्याचं नाव हाताशी ठेवा. तिन्ही प्रयत्न तुमचेच होते हेही सांगा, एक जरी नाकारलात तर कार्ड कायमचं रद्द करून नवं देतील.

फोन ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. कार्ड सुरू झालं, की या व्यवहारासाठी सूटही नोंदली? नुसतं कार्ड सुरू झालं तर तोच व्यवहार पुन्हा अडू शकतो. आणि सूट किती वेळ आहे? कुठे काही मिनिटं असते, कुठे दिवसभर. नाकारलेला व्यवहार आपोआप जिवंत होत नाही. तेवढ्या वेळात तीच रक्कम, त्याच विक्रेत्याकडे, एकदाच भरा.

सावली
मी मोठ्या खरेदीआधी बँकेला फोन करून सांगून ठेवते. आजवर एकदाही अडलेलं नाही.

तराजू
सांगून ठेवलेली टीप गुण देणारी यंत्रणा वाचेलच असं नाही. आमच्याकडे ती फक्त फोनवरच्या माणसाला दिसायची. त्यापेक्षा जुना, ओळखीचा फोन, घरचं नेट, व्हीपीएन बंद आणि बँकेच्या ॲपमधून मंजुरी, हे जास्त उपयोगी पडतं.

सावली
माझ्या बँकेत फोनवरच तात्पुरती सूट लावून देतात, मी खात्री करून घेतली आहे. त्यामुळे सरसकट निरुपयोगी म्हणणं मला पटत नाही.

तराजू
सूट लावत असतील तर उत्तमच. प्रत्येक बँक लावते असं मात्र नाही.

चाफा
झालं एकदाचं, पण सरळ नाही. बँकेने वीस मिनिटांत कार्ड सुरू केलं आणि दोन तासांची सूट दिली. लगेच भरायला गेले तर पुन्हा नकार! या वेळी हात आवरला आणि बँकेलाच विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे असा व्यवहार आलेलाच नाही.

तराजू
म्हणजे विक्रेत्याच्या बाजूच्या यंत्रणेने अडवलं. कालच्या तीन नकारांची नोंद त्यांच्याकडेही राहते. बँकेच्या नोंदीत प्रयत्नच दिसत नसेल तर अडथळा तिकडे आहे, तिथे बँक काही करू शकत नाही.

चाफा
अगदी तसंच निघालं. विक्रेत्याला मेल केली, त्यांनी त्यांच्याकडची अडवणूक काढून पैसे भरायची नवी लिंक पाठवली. सूट संपायला दहा मिनिटं असताना पैसे गेले. खुर्ची आईच्या नावाने निघाली आहे. तराजूदादा, मनापासून आभार.

एक राहिलं. कार्ड बंद होतं त्या सकाळी विम्याचा हप्ता आपोआप जाणार होता, तो गेला नाही. तो ते स्वतःहून पुन्हा घेतील, की मलाच भरावा लागेल? कुणाला अनुभव आहे का?