फोनचा वेबकॅम: वायर की वाय-फाय?

"सांगलीत गणिताची ऑनलाइन शिकवणी घेतो. ड्रॉइडकॅम वाय-फायवर लावला की फळ्यावरचा हात आवाजाच्या मागे राहतो. वायर घेऊ का?"

घ्याच सर. वाय-फायवर चित्र फोनकडून राउटरला, तिथून लॅपटॉपला आणि परत राउटरमार्गे बाहेर जातं. २.४ गिगाहर्ट्झवर तर शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी. तुमचा आवाज लॅपटॉपच्या माइकमधून जात असणार, त्याला हा वळसा नाही. म्हणून हात मागे पडतो.

केबल मात्र डेटावाली हवी. फोनवर फाइल ट्रान्सफर निवडूनही लॅपटॉपवर तो दिसला नाही, तर केबल बहुधा नुसती चार्जिंगची (बाजारात अशाही मिळतात!). शिवाय डेव्हलपर ऑप्शन्समध्ये USB debugging चालू करा.

फळा ५ मीटरपेक्षा लांब असेल तर साधी केबल पुरत नाही. मग लॅपटॉप इंटरनेटला लॅन केबलने जोडा आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.