बीएस्सी सोडून इंजिनिअरिंगला गेलेल्याची स्कॉलरशिप थांबवणं बरोबर आहे का?

पुतण्याची_काकू: पुतण्या एससी कॅटेगरीतला, गेल्या वर्षी बीएस्सी फर्स्ट इयरला पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप मिळत होती. सीईटी परत दिली, आता इंजिनिअरिंगला लागलाय. आता स्कॉलरशिप विसरा म्हणतात. हे बरोबर आहे का?

नियम_म्हणजे_नियम: कॉलेज बदललं की गेली, साधी गोष्ट. एका मुलावर सरकारने दोनदा फर्स्ट इयरचा खर्च का करायचा?

खिडकी_नं_३: नऊ वर्षं कॉलेजात स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलंय, म्हणून सांगतो, वरचं अर्धंच बरोबर आहे. नियमात आहे ते असं की राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर रद्द होऊ शकते. दुसरा नियम आहे तो एक टप्पा पास होऊन परत त्याच टप्प्यावर येणाऱ्यांसाठी, म्हणजे बीए झाल्यावर बीकॉम. ह्याचं बीएस्सी पूर्णच झालेलं नाही, त्यामुळे तो नियम इथे लावू नका. काकू, महाडीबीटीवर रिन्यूअल करू नका, ते जुन्याच कोर्सचं असतं. आधी जुन्या कॉलेजात लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करा, त्याची शिक्क्याची पोच घ्या, मग नव्या कोर्सचा नवीन अर्ज. नाहीतर दोन कॉलेजात एकच मुलगा दिसतो आणि अर्ज अडकतो.

दापोलीकर: माझं इन्स्पायर होतं, वर्षाला 80 हजार. बीएस्सीतून इंजिनिअरिंगला गेलो आणि बंद झालं. मी तरी ओरडलो नाही.

सावळी: अहो इन्स्पायर बेसिक सायन्स शिकणाऱ्यांसाठीच आहे, तुम्ही सायन्स सोडलंत तर थांबणारच ना. पोस्ट मॅट्रिकचा हेतू वेगळा आहे, पोरगं कॉलेजात टिकावं. आणि ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो ड्रॉप घेऊन पुन्हा सीईटी देतो, त्याला कुणी विचारत नाही, मग सतराव्या वर्षी चुकीच्या कोर्सला बसलेल्या ह्याच पोराला दंड का?

नियम_म्हणजे_नियम: बापाचा पैसा बापाचा, हा लोकांचा. वर्षाला कोर्स बदलायला लागले तर?

सावळी: मग एकदाच बदलायची मुभा द्या, त्यात काय.

खिडकी_नं_३: ते मलाही पटतं, पण नियमात तसं लिहिलेलं नाही. खरी भीती वेगळीच आहे. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर त्या वर्षाची रक्कम सरकार परत मागू शकतं. केंद्राचा 60 टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, त्यातून फी भरली नसेल तर कॉलेज दाखला अडवून बसतं. आमच्याकडे एक मुलगी दीड महिना ह्याच कारणाने फेऱ्या मारत होती, नव्या कॉलेजची कागदपत्रांची तारीख जवळ आलेली आणि दाखला ह्यांच्या कपाटात. काकू, त्याने वार्षिक परीक्षा दिली होती ना?

पुतण्याची_काकू: नाही हो, डिसेंबरातच जायचं बंद केलं, सीईटीच्या क्लाससाठी. खात्यात एक हप्ता आला होता, तो क्लासच्या फीत गेला.

खिडकी_नं_३: मग आधी कॉलेजने त्याला कुठल्या तारखेपासून गैरहजर दाखवलंय ते रजिस्टरमध्ये बघून या.