मदत हवी आहे : नवरोझच्या हफ्त-सीनसाठी सब्झे कसं उगवायचं? शुभेच्छा कधी द्यायच्या?

ओवी_पुणे: कोथरूडला शेजारी दोन इराणी विद्यार्थिनी राहतात. 20 मार्च 2026 च्या संध्याकाळी नवरोझची, म्हणजे इराणी नववर्षाची, हफ्त-सीन ही सात ‘स’च्या वस्तूंची मांडणी आमच्याकडे करायचं ठरलंय. त्यातलं सब्झे, म्हणजे ताटलीत उगवलेले हिरवे कोंब, करायचं काम माझ्याकडे आहे. ताटलीत गहू भिजवले, तर आंबूस वास येतोय आणि वर पांढरी बुरशी धरलीय. शिवाय त्या दारात आल्या की लगेच ‘नोरूझ मोबारक’ म्हणायचं का?

दिनूकाका: पारशी नववर्ष ऑगस्टमध्ये असतं ना? पतेती.

मेहेर_दादर: काका, ऑगस्टचं आमचं शहेनशाही पंचांगाचं. मार्चमधला जमशेदी नवरोझही आम्ही करतो, पण इराणचं वर्षच या दिवशी बदलतं.

तेहरान_रिटर्न: ओवी, ते गहू टाकून दे. पाणी साचलं की असंच होतं. नवे गहू एक दिवस-रात्र भिजव, पाणी पूर्ण निथळ आणि ओल्या फडक्यात बांधून ठेव. पांढरे कोंब दिसले की ताटलीत एकच थर पसर, वर ओलसर फडकं घाल. यापुढे पाणी ओतायचं नाही, नुसतं शिंपडायचं. ताटली कलती केल्यावर कडेला पाणी जमलं, तर ते काढून टाक. कोंब हिरवे व्हायला लागले की फडकं काढून उजेडात ठेव, पण दुपारचं ऊन नको. तेहरानच्या थंडीत दोन आठवडे धरतात, पुण्यात आठ-दहा दिवस पुरतील.

ओवी_पुणे: म्हणजे घटातल्या धान्यासारखंच, फक्त मातीशिवाय! आणि शुभेच्छा?

तेहरान_रिटर्न: सूर्य विषुववृत्त ओलांडतो, त्या क्षणी वर्ष बदलतं. यंदा आपल्याकडे रात्री 8 वाजून 16 मिनिटांनी. त्याआधी भेटलात तर ‘पीशापीश मोबारक’, म्हणजे आगाऊ शुभेच्छा. तो क्षण सगळे मांडणीभोवती बसून गाठतात, मग गळाभेटी आणि ‘ईद-ए शोमा मोबारक’. उत्तरादाखल ‘सद साल बे ईन साल्हा’ ऐकू येईल, अशी शंभर वर्षं येवोत.

सुगरण_नाशिक: सात ‘स’ हवेत ना? मग साखर, साबुदाणा, सुपारी ठेव की!

तेहरान_रिटर्न: ताई, ‘स’ फारसी नावांतला. सीब म्हणजे सफरचंद, सीर लसूण, सेर्के व्हिनेगर. सुमाक हा आंबट मसाला ऑनलाइन मिळतो. समनू म्हणजे मोडाच्या गव्हाच्या रसाची आटवलेली खीर, साखर न घालता गोड. तिला तासन् तास ढवळावं लागतं, ते त्या मुलींवरच सोड. अडेल ते सेंजेद हे सुकं फळ, इथल्या बाजारात मला कधी दिसलं नाही.

मेहेर_दादर: सुकं बोर ठेवा, दिसायला जवळपास तसंच.

तेहरान_रिटर्न: मला नाही पटत. सिक्के, म्हणजे नाणी, ठेवा की. तीही ‘स’चीच आणि तिथेही ठेवतात. पण मुलींना विचारा, घराघरात वेगळं असतं.

दिनूकाका: माझ्या नातवाला गोल्डफिश हवाय, तोही ठेवतात म्हणे.

तेहरान_रिटर्न: ठेवतात, पण इराणातही हल्ली बरेच जण नको म्हणतात. छोट्या भांड्यात मासा टिकत नाही. आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी पुरे.

ओवी_पुणे: आजच गहू भिजवते. नंतर सब्झेचं काय करायचं?

तेहरान_रिटर्न: तेराव्या दिवशी, 2 एप्रिलला, सगळे घराबाहेर सहलीला जातात आणि ते वाहत्या पाण्यात सोडतात. त्याआधी पात्यांना गाठ मारून इच्छा मागतात.

ओवी_पुणे: एप्रिलात पुण्याजवळ वाहतं पाणी कुठे मिळेल? कुणाला माहीत असेल तर सांगा.