वर्गात बोलायचे मार्क: तुमचे अनुभव?

मोरपिशी
काल भाचीचा फोन. "मावशी, पन्नासपैकी दहा मार्क नुसते वर्गात बोलायचे आहेत गं!" आणि मला थेट माझं एम.ए. आठवलं. बार्शीहून पुण्यात आले होते. आमच्याकडे सरांना मध्येच काही विचारलं की पोरगी आगाऊ. इथे गोलात खुर्च्या, पंधरा मुलं आणि बाईंच्या हातात नावांचा कागद. सहा आठवडे तोंड उघडलं नाही. नोट्स मात्र सुंदर! दहापैकी दोन आले. केबिनमध्ये गेले तर बाई म्हणाल्या, "तू वाचून येतेस हे मला कळणार कसं?" मग सांगितलं, वाचताना जिथे पटत नाही तिथे पेन्सिलने प्रश्न लिही, पान क्रमांकासकट, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत विचारून टाक. उशीर केला की तोच मुद्दा दुसरं कुणीतरी बोलून जातं. माझा पहिला प्रश्न: "पान १४ वर आकडे दोनच तालुक्यांचे आहेत, मग लेखक अख्ख्या जिल्ह्याबद्दल कसा बोलतो?" आवाज कापत होता. बाईंनी तो फळ्यावर लिहिला.
तुमचं काय झालं, लिहा.

टपरीवाला
सोप्पंय. रोज दोनदा हात वर करायचा, काहीही बोलायचं, टिक पडते.

जुनी मास्तरीण
टिका मोजत नाही हो आम्ही. तास संपला की पाच मिनिटं बसून मी लिहायचे, कोण वाचून आलं, कोणी दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला. "आत्ता ही जे म्हणाली त्यात एक अडचण आहे" असं कुणी म्हणालं की माझं पेन चालायचं. एकट्याचं भाषण मोजत नव्हते. गप्प मुलांकडून तासाआधी चार ओळींची चिठ्ठी घ्यायचे. तरी मराठी माध्यमाचं पोर अडखळलं की मुद्दा कच्चा आहे की इंग्रजी, हे मला शेवटपर्यंत नीट ओळखता आलं नाही.

टपरीवाला
मला दहापैकी चार का पडले ते आत्ता कळलं 😄

पेठेतला
बोलण्याचं सोडा, ग्रुप प्रोजेक्ट! आम्ही पाच जण. रात्री दोन वाजता पीपीटी करणारा मी एकटा. सरांनी शेवटी प्रत्येकाला गुपचूप चिठ्ठी दिली, शंभर गुण पाच जणांत कामाप्रमाणे वाटा. मैत्री म्हणून सगळ्यांनी वीस-वीस लिहिले. मीसुद्धा! मग काय, सगळ्यांना सारखेच मार्क. कुणी काय केलं याची तारीखवार नोंद ठेवली असती तर सरांना दाखवता तरी आली असती.

सातवीची आई
आमच्या बाईंची तर तक्रार आहे की हा वर्गात फार बोलतो. त्याचे मार्क मिळतील का?

मोरपिशी
ताई, ते वेगळं बोलणं 😂

सोलापुरी चटणी
बार्शीत कुठे गं? माझं आजोळ भगवंत मंदिराच्या मागे.

मोरपिशी
अगं, आम्ही पण तिथलेच! व्यनि कर.
मास्तरीणबाई, भाची विचारतेय, प्रश्न मराठीत विचारला तर चालेल का?

जुनी मास्तरीण
माझ्या वर्गात चालायचा. तिच्या सरांना तिनेच विचारावं, पहिल्याच तासाला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येते.