अनुभव धागा: घरचं माणूस पहिल्यांदा ट्रायथलॉनला उतरलं, तेव्हा कठड्याबाहेर उभं राहून काय कळलं?

बायकोची पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन गेल्या महिन्यात झाली. पोहणं ७५० मीटर, सायकल २० किलोमीटर, पळणं ५ किलोमीटर, एवढं घरात सगळ्यांना पाठ होतं. पण मधल्या त्या कुंपणात, जिथे सायकली ओळीने टांगलेल्या असतात, तिथे काय चालतं ते कुणालाच माहीत नव्हतं. ती पाण्यातून धावत आली आणि मी कौतुकाने कठड्यावरून टॉवेल पुढे केला. ती "नको, नको!" म्हणत ओलीच पुढे गेली. मला वाटलं चिडली. नंतर कळलं की तिने टॉवेल घेतला असता तर दंड तिला झाला असता, मला नाही.
तुमचेही अनुभव लिहा. पुढच्या वेळी सासूबाईही येणार आहेत, त्यांना समजावायचं आहे.

कुंपणाच्या आत उभा राहणारा स्वयंसेवक
दादा, तुमचा टॉवेल तर काहीच नाही. एका बाबांनी मुलाचे मोजे आणून दिले होते. आत फक्त स्पर्धक, पंच आणि आम्ही. जे लागणार ते स्पर्धकाने आधीच आपल्या जागेवर मांडून ठेवायचं.
घरच्यांना सगळ्यात विचित्र वाटतं ते हेल्मेटचं. माणूस पाण्यातून येतो आणि सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेट घालून पट्ट्याचा खटका लावतो. मग सायकल रॅकवरून काढतो, हाताने ढकलत बाहेरच्या रेघेपर्यंत नेतो आणि रेघ ओलांडल्यावरच बसतो. परत येताना उलटं. रेघेच्या अलीकडे उतरायचं, सायकल ढकलत नेऊन टांगायची, मगच खटका काढायचा. बाहेरून घरचे ओरडतात, "अगं बस ना सायकलवर, पळत काय चाललीस!" आणि एखादी गोंधळून खरंच बसते.
थकलेल्या हाताला सवय असते थांबलं की हेल्मेट सैल करायची. मागच्या खेपेला एका ताईंनी सायकल हातात असतानाच खटका उघडला. पंचांनी थांबवून पुन्हा लावायला लावला. शिक्षा किती ते त्या त्या स्पर्धेवर असतं, पण नियम मात्र सगळीकडे आहे.

दोन वेळा भाऊ, एकदा प्रेक्षक
आत घाई करायची गरज नसते, कपडे बदलायचा वेळ धरत नाहीत. माझ्या भावाच्या निकालात पोहणं, सायकल, पळणं असे तीनच आकडे मोठ्या अक्षरात होते. मी तर त्याला आरामात बसून केळं खा म्हणालो.

स्वयंसेवक
भाऊ, पोहण्यानंतरचा आणि सायकलनंतरचा असे कुंपणातले दोन्ही वेळ निकालात वेगळे दाखवतात, पण एकूण वेळेत धरतात. वेळ मोजणारी चिप पायाला असते आणि घड्याळ कुठेच थांबत नाही. केळं खायला बंदी नाही, फक्त ती मिनिटं त्याची.

रिलेवाली
आम्हाला तर आत जाऊ दिलं! मी पळणारी होते, सायकलवाली मैत्रीण आली, सायकल टांगली, चिपचा पट्टा सोडून माझ्या घोट्याला बांधला. मग घरच्यांना का नाही?
(कळलं, कळलं. आम्ही तिघी स्पर्धकच होतो. तरीही माझा नवरा बाहेर रुसलेलाच होता.)

मुलीची आई
मला नियमांपेक्षा ती दिसेल कधी याची काळजी होती. पाण्यात सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या, पोर ओळखूच येईना. शेवटी तिनेच कागदावर लिहून दिलं. तिचा गट ७:१० ला सुटणार. पोहायला २२ मिनिटं, म्हणजे ७:३२ ला बाहेर. हेल्मेट-बूट ४ मिनिटं, ७:३६ ला सायकल. ५० मिनिटांनी ८:२६ ला परत, ३ मिनिटांत पळायला, ३८ मिनिटं पळणं, ९:०७ ला शेवट.
मी मात्र पहिल्या गटाच्या ७:०० च्या भोंग्यापासून मोजत बसले. ७:२२ ला ती आली नाही म्हणून घाबरून पंचांकडे धावले! ते म्हणाले, "काकू, कुठला गट?" तरी सायकलवरून ती ८:३४ ला आली. चाक पंक्चर. आठ मिनिटं उशीर झाला की लगेच रडायचं नाही, हे शिकले.

पहिल्यांदाच उतरणारा
शर्यत संपल्यावर सायकल बाबांनी आणली तर? माझे पाय उचलणार नाहीत.

स्वयंसेवक
आम्ही स्पर्धकाचा नंबर आणि सायकलवरचा नंबर जुळवूनच सायकल बाहेर सोडतो. शेवटचा सायकलवाला परत येईपर्यंत बहुतेक ठिकाणी दारच उघडत नाहीत. बाबांना दाराबाहेर उभं करा, तिथून पुढे त्यांनी न्यावी.

मुलीची आई
आणि पळताना रस्त्याच्या कडेला मी पाणी दिलं तर?

दोन वेळा भाऊ
मी दिलं होतं, कुणी काही बोललं नाही.

स्वयंसेवक
कुणी पाहिलं नसेल. आमच्याकडे पाणी फक्त ठरलेल्या टेबलावरून. तुमच्या स्पर्धेची सूचनापत्रिका बघा, काकू.