LINEST एकच आकडा देतंय, बाकीचे नऊ येतच नाहीयेत – मदत हवी आहे

हिंगणा_लॅब:
नमस्कार मंडळी. मी हिंगणा एमआयडीसीत पाणी तपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. पाण्यातलं लोह काढतो आम्ही, फिनॅन्थ्रोलीन टाकून रंग आणायचा आणि ५१० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स घ्यायचा. कॅलिब्रेशनची रेघ एक्सेलमध्येच बसवतो. आजवर चार्टवरचं समीकरण आणि आर स्क्वेअर लिहून दिलं की भागायचं, पण आता ऑडिटवाल्यांनी स्लोपचा आणि इंटरसेप्टचा स्टँडर्ड एरर पण मागितलाय, कारण डिटेक्शन लिमिट कसं काढलं ते त्यांना बघायचंय. सीनियर सर म्हणाले LINEST वापर, त्यात सगळं एकदम येतं. सरांच्या लॅपटॉपवर एका सेलमध्ये लिहून एंटर मारलं की खाली-बाजूला दहा आकडे आपोआप पसरतात, माझ्या डोळ्यासमोर केलं त्यांनी. लॅबच्या पीसीवर, तिथं एक्सेल २०१३ आहे, तेच्या तेच लिहिलं तर फक्त एक आकडा.

```
=LINEST($B$2:$B$6,$A$2:$A$6,TRUE,TRUE)
```

A मध्ये mg/L, B मध्ये अ‍ॅब्सॉर्बन्स:

```
0   0.003
1   0.199
2   0.402
3   0.593
4   0.798
```

येतं ते 0.1984. खाली ओढून पाहिलं, बाजूला ओढून पाहिलं, दहाही सेलमध्ये 0.1984 च. शेवटचं TRUE टाकलेलं आहे, म्हणजे स्टॅट्स मागितलेत. मग अडतंय कुठं? सोमवारी रिपोर्ट द्यायचाय, कोणी सांगा ना प्लीज.

वऱ्हाडी_मिरची:
अवो ताई, LINEST च्या मागं काहून लागता? सरळ SLOPE, INTERCEPT, RSQ हे तीन फंक्शन लावा, वेगवेगळ्या सेलमध्ये टाका, झालं काम. मी तर तेच करतो. आणि तुमचं 0.1984 बरोबरच आहे, स्लोपच आहे ते.

हिंगणा_लॅब:
भाऊ, स्लोप आणि इंटरसेप्ट तर चार्टवरूनही मिळतात, मला त्यांचा एरर पाहिजे. त्याच्यासाठी वेगळं फंक्शन आहे का? मला तरी दिसलं नाही.

जुना_खातेवही:
फॉर्म्युला बरोबर आहे ताई, एक अक्षर बदलू नका. अडचण एंटर मारण्यात आहे. LINEST एक आकडा देत नाही, पाच ओळी दोन कॉलमची पूर्ण चौकट देतं. २०१३ ला तुम्ही साधं एंटर मारलं की तो समजतो तुम्हाला एका सेलपुरतंच उत्तर हवंय, मग चौकटीचा वरचा डावा कोपरा तेवढा ठेवतो, आणि त्या कोपऱ्यात स्लोप असतो. सरांच्या लॅपटॉपवर ३६५ किंवा २०२१ असेल, तिथं पसरण्याचं काम एक्सेल स्वतः करतं. २०१९ पर्यंतच्या सगळ्यांना ते हातानं सांगावं लागतं, कंट्रोल-शिफ्ट-एंटर मारून.

ओढल्यावर सगळीकडे तोच आकडा का आला तेही सांगतो. तुम्ही डॉलर लावलेत, म्हणून दहा सेलमध्ये दहा वेगळे फॉर्म्युले बसले आणि दहाही त्याच डेटाचा कोपरा दाखवतायत. डॉलर नसते तर जास्त धोका होता. खाली अजून रीडिंग असती तर प्रत्येक सेल एकेक ओळ सरकलेल्या डेटाचा स्लोप देत बसला असता, आकडे वेगवेगळे दिसले असते, आणि वाटलं असतं की स्टॅट्स आले. असे तक्ते मी रिपोर्टात छापलेले पाहिलेत.

हिंगणा_लॅब:
सर, E2 वर उभी राहून कंट्रोल-शिफ्ट-एंटर मारलं. फॉर्म्युला बारमध्ये दोन्ही बाजूंना महिरपी कंस आले, पण आकडा अजूनही एकच. 0.1984.

संत्रानगरी_गणित:
मग ते कंस हातानंच टाईप करून पहा ना सगळ्या सेलमध्ये, कधी कधी घेतं.

जुना_खातेवही:
नाही नाही, हातानं कंस टाईप केले की एक्सेल त्याला नुसता मजकूर समजतं, सेलमध्ये फॉर्म्युला जसाच्या तसा लिहिलेला दिसतो. कंस त्यानं स्वतः लावले पाहिजेत.

ताई, तुम्ही एकच सेल निवडून तीन बटणं दाबलीत म्हणून एका सेलपुरताच अ‍ॅरे झाला. जुन्या एक्सेलला किती जागा द्यायची ते आधी दाखवावं लागतं. E2 मधलं आहे ते पुसा. मग E2 पासून F6 पर्यंत ड्रॅग करून दहाही सेल निवडा, निवड तशीच ठेवून फॉर्म्युला टाईप करा, तो वरच्या पहिल्या सेलमध्ये दिसेल, दिसू द्या. एंटर मारू नका. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवून मग एंटर. नंतर कुठल्याही सेलवर क्लिक केलं तर तोच फॉर्म्युला त्याच कंसांसकट दिसला पाहिजे, ही खूण.

हिंगणा_लॅब:
आलं!! दहाच्या दहा आले.

```
0.1984      0.0022
0.001102    0.002698
0.999908    0.003483
32441.67    3
0.393626    0.0000364
```

पहिली ओळ चार्टशी जुळतेय, स्लोप 0.1984, इंटरसेप्ट 0.0022. तिसऱ्या ओळीतलं डावं आर स्क्वेअर, तेही जुळतंय. पण बाकीच्यांना नावंच नाहीत, कोणता कशाचा ते कसं ओळखू? ऑडिटवाल्यांसमोर चुकीचा आकडा बोट ठेवून दाखवायचा नाहीये मला.

प्रॅक्टिकलवाली_बर्डी:
मी बीएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेते, तिथं दरवर्षी हाच गोंधळ. डावा कॉलम स्लोपचा आणि उजवा इंटरसेप्टचा, हे फक्त वरच्या दोन ओळींपुरतं खरं. म्हणजे दुसऱ्या ओळीत 0.001102 हा स्लोपचा स्टँडर्ड एरर आणि 0.002698 इंटरसेप्टचा. तिसऱ्या ओळीपासून तो नियम संपतो: डावीकडे आर स्क्वेअर, उजवीकडे 0.003483 म्हणजे बिंदू रेघेपासून सरासरी किती हललेत तो आकडा, अ‍ॅब्सॉर्बन्सच्याच मापात. चौथ्या ओळीत एफ आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम, पाच बिंदू वजा दोन म्हणून ३. शेवटी वर्गांच्या दोन बेरजा. मुलं 0.003483 लाच इंटरसेप्टचा एरर म्हणून लिहितात कारण तो उजव्या कॉलममध्ये आहे, तेवढं जपा.

आणि मिरची भाऊंचं अर्धं बरोबर आहे, वेगवेगळ्या फंक्शननं पडताळा घेता येतो. स्लोपच्या एररला स्वतःचं फंक्शन नाही पण असं काढता येतं, आणि याला साधं एंटर चालतं:

```
=STEYX($B$2:$B$6,$A$2:$A$6)/SQRT(DEVSQ($A$2:$A$6))
```

तुमच्या डेटावर 0.003483 भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे 0.001102. चौकटीतल्या दुसऱ्या ओळीशी जुळलं म्हणजे खात्री.

वऱ्हाडी_मिरची:
हाव, जुळलं. माझ्याकडे पण करून पाहिलं. एररचं माझ्या डोक्यातच नव्हतं बाप्पा, मला वाटलं ताईला स्लोपच पाहिजे.

कूलर४५:
विषय निघालाच आहे तर माझं पण बघा कोणी. माझं मेडिकलचं दुकान आहे, मे महिन्यात कूलर-एसीनं बिल फाडतं, म्हणून रोजचे युनिट, दिवसाचं कमाल तापमान आणि दुकान किती तास उघडं होतं असं लिहून ठेवलंय. तापमान B मध्ये, तास C मध्ये, युनिट D मध्ये. मी पण आताच वाचून पाच ओळी तीन कॉलम निवडून तीन बटणं दाबली. खाली उजव्या कोपऱ्यात #N/A आलेत. फॉर्म्युला चुकलाय का? आणि पहिला आकडा तापमानाचा धरला तर एक डिग्रीला येणारे युनिट पटण्यासारखे नाहीत.

जुना_खातेवही:
#N/A बरोबर आहेत भाऊ. दोन एक्स घेतले की वरच्या दोन ओळी तीन कॉलमच्या होतात, पण खालच्या तीन ओळींत आकडे दोनच असतात, तिसऱ्या कॉलममध्ये ठेवायला काही नसतं. पहिला आकडा पटत नाही कारण LINEST गुणक उलट्या क्रमानं देतं. पहिला आकडा शेवटच्या कॉलमचा, म्हणजे तुमच्या तासांचा, मधला तापमानाचा, शेवटचा इंटरसेप्ट. याची कुठं सूचना येत नाही, आकडे गुपचूप बसतात आणि माणूस उलटं वाचून निर्णय घेतो.

हिंगणा_लॅब:
अजून एक अडचण आली. कोऱ्या शीटवर नीट आलं पण लॅबच्या रिपोर्टच्या साच्यात घेईना, म्हणतं मर्ज केलेल्या सेलमध्ये अ‍ॅरे फॉर्म्युला चालत नाही. साचा बदलायची मला परवानगी नाही, मंजूर झालेला आहे तो. आणि कोऱ्या शीटवर आर स्क्वेअरचा एकच सेल डिलीट करून पाहिला तर अ‍ॅरेचा काही भाग बदलता येत नाही असा मेसेज.

प्रॅक्टिकलवाली_बर्डी:
मेसेज बरोबर आहे, दहा सेल मिळून तो एकच फॉर्म्युला आहे, पुसायचा तर दहाही निवडून पुसा. चौकटीत कुठंही उभं राहून कंट्रोल आणि स्लॅश दाबलं की पूर्ण चौकट निवडली जाते.

साच्यासाठी चौकट पसरवूच नका. पाहिजे तो एकच आकडा उचला:

```
=INDEX(LINEST($B$2:$B$6,$A$2:$A$6,TRUE,TRUE),2,1)
```

शेवटचे दोन म्हणजे ओळ आणि कॉलम. 2,1 ला स्लोपचा एरर, 2,2 ला इंटरसेप्टचा, 3,2 ला 0.003483. साधं एंटर पुरतं, मर्ज सेलमध्ये बसतं, आणि सरांच्या लॅपटॉपवर उघडलं तरी पसरत नाही. फक्त चौथं TRUE राहू द्या. ते काढलं तर चौकट एका ओळीची होते आणि दुसरी ओळ मागितल्यावर #REF! येतं. पसरवलेल्या पद्धतीत तेच TRUE विसरलं तर पाचही ओळींत 0.1984 आणि 0.0022 हीच जोडी परत परत दिसते, म्हणून तशी चौकट दिसली की आधी चौथा भाग तपासा.

संत्रानगरी_गणित:
ब्लँकला अ‍ॅब्सॉर्बन्स शून्यच असायला पाहिजे ना, मग तिसरा TRUE चा FALSE करा, रेघ शून्यातून जाईल आणि आर स्क्वेअर पण वाढेल.

जुना_खातेवही:
वाढेल, पण ते वाढणं खोटं आहे. इंटरसेप्ट काढला की आर स्क्वेअर सरासरीपासून न मोजता शून्यापासून मोजला जातो, त्यामुळे दोघांची तुलनाच करता येत नाही. शिवाय इंटरसेप्टच्या एररच्या जागी #N/A येईल, आणि ताईंना तोच पाहिजे. इंटरसेप्ट 0.0022 आणि त्याचा एरर 0.0027, म्हणजे तो शून्यापासून वेगळा आहे असं म्हणताच येत नाही. हे ऑडिटवाल्यांना दाखवा, रेघ जबरदस्तीनं शून्यातून नेण्यापेक्षा ते बरं.

हिंगणा_लॅब:
INDEX साच्यात बसलं, तिन्ही आकडे आले. खूप खूप धन्यवाद दोघांना. आता डिटेक्शन लिमिट. ३.३ गुणिले सिग्मा भागिले स्लोप असं सूत्र आहे आमच्याकडे. सिग्मा म्हणून 0.003483 घेतला तर ०.०५८ mg/L येतं आणि इंटरसेप्टचा एरर घेतला तर ०.०४५. कोणतं लिहू?

प्रॅक्टिकलवाली_बर्डी:
मी रेघेभोवतीचा घेते, 0.003483 वाला. आकडा मोठा येतो, पण पाच बिंदूंवर त्याहून कमी सांगायचं धाडस मी करणार नाही.

जुना_खातेवही:
माझं मत इंटरसेप्टकडे आहे, कारण लिमिट शून्याजवळचं असतं आणि रेघ तिथं किती डळमळीत आहे हे तोच सांगतो. पण आयसीएचच्या मार्गदर्शनात दोन्हींचा उल्लेख आहे, आणि तिथं इंटरसेप्टचं म्हणताना अनेक रेघांच्या इंटरसेप्टमधला फरक असं आहे, एका रेघेचा एरर नव्हे. तुमच्याकडे वेगवेगळ्या दिवसांची कॅलिब्रेशन्स पडलेली असतील तर ती काढा, प्रत्येकाचा इंटरसेप्ट एका कॉलममध्ये लिहून STDEV लावून बघा काय येतं.

हिंगणा_लॅब:
जुन्या फाइली आहेत, पण त्यात नुसते चार्टचे प्रिंट आहेत, मूळ रीडिंग रजिस्टरमध्ये असतील. उद्या रजिस्टर काढते आणि आकडे इथं टाकते.